चिपपासून हवेपर्यंत

लॅपटॉप विकत घेऊ पाहणाऱ्या गृहस्थाच्या हाती आज जे माहितीपत्रक पडते त्यात प्रोसेसरचे नाव, स्मृतीचा आकार आणि पडद्याची रुंदी या जुन्या तपशिलांच्या जोडीला शीतनव्यवस्थेविषयीचा एक नवा मजकूर गेल्या काही वर्षांत ठळक अक्षरांत छापला जाऊ लागला आहे. एका नमुन्यात चार हीट पाइप, दुसऱ्यात व्हेपर चेंबर, तिसऱ्यात लिक्विड मेटल असे दाखले वाचून, ज्याच्यात अधिक भारदस्त नावाचा भाग बसवला आहे तो लॅपटॉप अधिक थंड राहणार आणि म्हणून अधिक वेगाने चालणार, असा निष्कर्ष ग्राहक काढतो. हा निष्कर्ष कधी बरोबर ठरतो, कधी साफ चुकतो. आणि तो कोठे चुकतो हे समजण्यासाठी, चिपच्या पोटात निर्माण झालेली उष्णता खोलीतल्या हवेपर्यंत कोणत्या वाटेने जाते आणि या तीन साधनांपैकी प्रत्येकाचा अंमल त्या वाटेच्या नेमक्या कोणत्या भागावर चालतो, एवढेच नीट पाहावे लागते.

प्रोसेसर जी वीज घेतो ती जवळजवळ सर्व उष्णतेत रूपांतरित होते. नव्वद वॉट वीज घेणारा प्रोसेसर नव्वद वॉट उष्णता देतो, आणि तीही अशा सिलिकॉनच्या तुकड्यातून की ज्याचे क्षेत्रफळ दोन चौरस सेंटिमीटरच्या आसपास असते व ज्यातला खरोखर राबणारा भाग त्याच्याही निम्माच असतो. ही उष्णता प्रथम चिप आणि तांबे यांच्यामधल्या लेपातून जाते, मग तांब्याच्या तळपट्टीत पसरते, तेथून लॅपटॉपच्या मागच्या कडेशी असलेल्या पातळ पात्यांच्या जुडग्यापर्यंत वाहून नेली जाते आणि शेवटी पंख्याने ढकललेल्या हवेच्या स्वाधीन होते. उष्णता वाहते ती केवळ तापमानातल्या फरकामुळे; म्हणून या प्रत्येक टप्प्यावर काही अंशांचा फरक खर्ची पडतो, आणि खोलीच्या तापमानात हे सगळे फरक मिळवले म्हणजे जी बेरीज येते तेच चिपचे तापमान. ही बेरीज सुमारे शंभर अंश सेल्सिअसच्या मर्यादेला टेकली की प्रोसेसर आपण होऊन आपला वेग उतरवतो. शीतनव्यवस्थेतल्या कोणत्याही सुधारणेचे मोल, तिने या बेरजेतली कोणती रक्कम किती कमी केली, यावरूनच ठरवता येते.

हीट पाइपची मूळ कल्पना संगणकासाठी निघालेली नाही. जनरल मोटर्समधील रिचर्ड गॉगलर यांनी १९४२ साली पेटंटसाठी जो अर्ज केला, त्यात पंपाशिवाय, केवळ केशाकर्षणाच्या बळावर द्रव वर चढवून उष्णता वाहून नेण्याची युक्ती सांगितली होती. तिचा हेतू शीतकपाटाचा होता आणि त्या काळी तिचा फारसा उपयोग झाला नाही. पुढे १९६३ साली अमेरिकेतील लॉस अॅलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी, अवकाशयानातील अणुऊर्जेच्या साधनांतली उष्णता कशी हलवावी या विवंचनेतून, तीच युक्ती स्वतंत्रपणे सिद्ध केली आणि 'हीट पाइप' हे नाव रूढ झाले. लॅपटॉपमध्ये ही नळी शिरली ती १९९० च्या दशकात, जेव्हा प्रोसेसरची उष्णता नुसत्या धातूच्या पत्र्याला पेलेनाशी झाली.

निकामी लॅपटॉपमधून काढलेली अशी एखादी नळी करवतीने आडवी कापून पाहावी. बाहेरून ती भरीव तांब्याची पट्टी वाटते. आत मात्र तांब्याची पातळ भिंत, त्या भिंतीला चिकटलेला लालसर, खरखरीत, साखरेच्या बारीक कणांसारखा दिसणारा तांब्याच्या भुकटीचा थर आणि मध्ये पोकळी असे दृश्य दिसते. भुकटी तापवून एकजीव केलेला हा सच्छिद्र थर म्हणजेच नळीची वात. समईतली वात ज्या नियमाने तेल वर ओढते त्याच नियमाने ही वात पाणी ओढते. नळीतली हवा काढून टाकलेली असते आणि थोडेसे शुद्ध पाणी तिच्यात भरून दोन्ही टोके कायमची बंद केलेली असतात. हवा नसल्यामुळे आतला दाब इतका अल्प असतो की पाण्याला उकळण्यासाठी शंभर अंशांची वाट पाहावी लागत नाही. पन्नास अंशांवर, वातावरणाच्या सुमारे एक अष्टमांश दाबाखाली, ते खुशाल वाफ होते. चिपवरच्या टोकाशी पाण्याची वाफ होते, ती वाफ पोकळीतून पात्यांकडच्या किंचित थंड टोकाला धावते, तेथे तिचे पुन्हा पाणी होते आणि ते पाणी वातीतून मागे झिरपत येते.

या व्यवहाराचे सामर्थ्य पाण्याच्या सुप्त उष्णतेत आहे. पन्नास अंशांच्या सुमारास एक ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते. म्हणजे नव्वद वॉट हलवण्यासाठी दर सेकंदाला एका ग्रॅमचा सव्विसावा भाग, म्हणजे एका थेंबाहूनही कमी पाणी, वाफ झाले तरी पुरते. हाच हिशेब तासाचा केला तर एकशे तीस ग्रॅमांहून अधिक पाण्याची वाफ झालेली असते, आणि नळीत तर पाणी जेमतेम ग्रॅमभराच्या आसपास असते. यावरून तेच ते पाणी किती अखंडपणे फेऱ्या मारत असेल याची कल्पना यावी. तांबे हा उष्णतेचा उत्तम वाहक खरा, परंतु तेवढ्याच जाडीची भरीव तांब्याची पट्टी वीस सेंटिमीटर अंतरावर तेवढी उष्णता न्यायची म्हटले तर शेकडो अंशांचा फरक मागेल, जेथे नळीचे काम काही थोड्या अंशांत भागते.

मात्र नळीच्या या सामर्थ्याला सीमा आहेत, आणि माहितीपत्रकात नळ्यांची नुसती संख्या छापलेली असते तेव्हा त्या सीमा दडून राहतात. पहिली सीमा चपटेपणाची. नळी मुळात गोल, बहुधा सहा किंवा आठ मिलिमीटर व्यासाची असते, पण लॅपटॉपच्या जाडीत ती बसावी म्हणून दाबून चपटी करतात. भिंत तीन दशांश मिलिमीटर आणि वात चार दशांश मिलिमीटर धरली, तर तीन मिलिमीटरपर्यंत चपट्या केलेल्या नळीत वाफेसाठी दीड मिलिमीटरहून थोडी अधिक फट उरते. तीच नळी दोन मिलिमीटरपर्यंत दाबली की फट अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ येते. बाहेरून जाडी एक तृतीयांशानेच घटली, पण वाफेची वाट निम्म्याहूनही अरुंद झाली. म्हणून एका जाड लॅपटॉपातल्या तीन नळ्या एका सडपातळ लॅपटॉपातल्या पाच नळ्यांना सहज मागे टाकू शकतात. नळ्या मोजण्याची सवय ज्यांना लागली आहे त्यांनी ही एक गोष्ट मनाशी पक्की धरावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

दुसरी सीमा वातीची. चिपवरचे पाणी ज्या गतीने वाफ होते त्या गतीने ते वातीतून परत आले पाहिजे. उष्णता वाढत वाढत एका मर्यादेपलीकडे गेली की वात कमी पडते, चिपवरचा भाग कोरडा होतो, आणि त्या क्षणापासून नळी ही नुसती पातळ भिंतीची पोकळ तांब्याची पट्टी होऊन बसते. याची खूण स्पष्ट असते: भार थोडाच वाढवला असता तापमान एकदम उसळते, आणि चिप शंभर अंशांवर असताना मागून निघणारा हवेचा झोत मात्र जेमतेम कोमट लागतो. उलट चिपही तापलेली आणि झोतही कढत, अशी स्थिती असेल तर उष्णता पात्यांपर्यंत बिनतक्रार पोहोचत आहे आणि उणीव पात्यांची वा हवेची आहे, असे समजावे. गुरुत्वाकर्षणाचाही या कामी थोडा हात असतो. लॅपटॉपची मागची बाजू उंच केली तर पात्यांकडून चिपकडे येणारे पाणी उताराने येते. पण लॅपटॉप उभा करून मागची कड खाली ठेवली तर त्याच पाण्याला चढ चढावा लागतो. भुकटीची वात असलेल्या आखूड नळीला तो चढ बहुधा पेलतो. आतून केवळ खाचा पाडलेल्या स्वस्त नळीला पेलत नाही.

व्हेपर चेंबर हे तत्त्वतः निराळे यंत्र नाही. नळी उलगडून तिचा चौकोनी, बंद डबा केला म्हणजे व्हेपर चेंबर झाले. तांब्याचे दोन पातळ पत्रे कडांनी एकमेकांना जोडलेले, आतल्या बाजूंना वात, मध्ये निर्वात पोकळी आणि थोडेसे पाणी. या पोकळीत ठिकठिकाणी बारीक खांब उभे केलेले असतात, आणि ते शोभेचे नव्हेत. बाहेरची हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅमचा भार टाकत असते; दहा सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर लांब अशा चेंबरवर हा भार दोनशे किलोग्रॅम होतो. खांब नसते तर दोन्ही पत्रे एकमेकांना चिकटून वाफेची वाट बंद झाली असती.

नळीत वाफ एकाच दिशेने जाते, चेंबरमध्ये ती चहूकडे पसरते. दोहोंतला महत्त्वाचा भेद हाच. नळ्यांच्या व्यवस्थेत चिपची उष्णता आधी तांब्याच्या तळपट्टीत जाते, त्या पट्टीतून डाखाच्या थरातून नळीच्या भिंतीत शिरते, आणि ज्या नळीच्या अगदी बुडाखाली चिप येत नाही तिच्या वाट्याला फारच थोडे काम येते. चेंबर चिपवर सरळ टेकते, मधला पट्टीचा आणि डाखाचा खर्च वाचतो, आणि चिपच्या एखाद्या कोपऱ्यात एकवटलेली उष्णता लगोलग मोठ्या पृष्ठभागावर विखुरते. चिप जितकी लहान आणि वॉट जितके जास्त, तितका हा लाभ मोठा. म्हणूनच दीडशे वॉटच्या ग्राफिक्स चिपच्या लॅपटॉपात चेंबरला खरा अर्थ आहे, तर पंधरा-वीस वॉटच्या प्रोसेसरवर बसवलेले चेंबर चिपच्या तापमानात फारसा फरक पाडत नाही. तेथे त्याचा उपयोग झाला तर मांडीला लागणारा तळ सगळीकडे सारखा कोमट ठेवण्यापुरता होतो.

चेंबरचे क्षेत्र किती आहे आणि त्याची कड पात्यांना प्रत्यक्ष भिडते की नाही, हेही पाहण्याजोगे असते. काही नमुन्यांत चेंबर फक्त चिपच्या माथ्यावर तळहाताच्या निम्म्याएवढे असते आणि तेथून पुढची वाहतूक नेहमीच्याच नळ्या करतात. काहींत ते प्रोसेसर, ग्राफिक्स चिप आणि दोन्ही बाजूंची पाती या सर्वांना व्यापते. जाहिरातीत दोन्हींचे नाव एकच. शिवाय जेथे एकच चेंबर, किंवा एकच नळ्यांचा जुडगा, दोन्ही चिप्सना सामायिक असतो तेथे एकीची उष्णता दुसरीच्या दारात येते: ग्राफिक्स चिप पूर्ण भाराने चालू असता प्रोसेसर जवळजवळ रिकामा असूनही सत्तर-ऐंशी अंश दाखवतो. तो दोष नव्हे. एकट्या चिपला काम असताना दोन्हींची पाती तिच्या दिमतीला मिळतात, त्याची ती किंमत आहे.

आता लेपाकडे वळू. चिपचा पृष्ठभाग आणि तांबे डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतात, आणि फटीतली हवा उष्णतेची वैरीण. ती हाकलण्यासाठी एरवी जो करडा थर्मल पेस्ट वापरतात त्याची वाहकता, नेहमीच्या परिमाणात सांगायची तर, पाचाच्या आसपास असते; तांब्याची चारशेच्या घरात. लिक्विड मेटल म्हणजे गॅलियम, इंडियम आणि कथील यांचा मिश्रधातू. गॅलियम १८७५ साली सापडले. ते स्वतः तीस अंशांच्या किंचित आतच वितळते, आणि इंडियम व कथील मिसळल्यावर मिश्रण साध्या खोलीत, हिवाळ्यातही, पातळच राहते. त्याची वाहकता पेस्टच्या चौपट ते पाचपट असते. डबीवर याहून पुष्कळ मोठे आकडे छापलेले आढळतात. शुद्ध पातळ गॅलियमची वाहकताही तिशीच्या अलीकडेच असते हे ध्यानात घेता त्या आकड्यांवर विसंबण्याचे कारण नाही. असुसने २०२० साली आपल्या खेळांच्या लॅपटॉपांत याचा सरसकट वापर सुरू केला, आणि त्याच वर्षी आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन ५ मध्येही तेच आहे.

हा धातू चिपवर लावताना पाहणे उद्बोधक असते. सुईतून सोडलेला थेंब पाऱ्यासारखा गोळी होऊन बसतो आणि सिलिकॉनला चिकटायचे नाव घेत नाही; कापसाच्या बोळ्याने तो चोळत राहावे लागते, आणि मग एकाएकी तो पृष्ठभागाला धरतो व आरशासारखा पसरतो. या कामात सावधगिरीही हवी, कारण हा द्रव विजेचा वाहक आहे: एक कण जरी चिपच्या शेजारच्या सूक्ष्म घटकांवर उडाला तर बोर्ड जायबंदी होतो, म्हणून भोवती फेसाची चौकट आणि त्या घटकांवर विद्युतरोधक लेप असा बंदोबस्त करावा लागतो. अॅल्युमिनियमला तर हा द्रव अक्षरशः पोखरतो. त्याच्या कणांच्या सीमांतून शिरून धातूचा भुगा करतो. तांबे त्याला हळूहळू शोषते आणि लेप कोरडा पडू लागतो, म्हणून चांगले कारखानदार तांब्यावर निकेलचा मुलामा चढवतात. या धोक्यांमुळे काही कारखानदारांनी मधला मार्ग पत्करला आहे. हनीवेल कंपनीचे पीटीएम ७९५० नावाचे पान पंचेचाळीस अंशांच्या सुमारास मऊ होऊन फटींत भरते, विजेचे वहन करत नाही आणि वर्षानुवर्षे जागचे हलत नाही. लेनोव्होच्या काही नमुन्यांत ते आढळते. माझ्या मते पुष्कळशा ग्राहकांना लिक्विड मेटलपेक्षा हेच अधिक हितावह आहे.

हे सारे एका हिशेबात मांडले म्हणजे तुलनेचा प्रश्न उलगडतो. पुढील आकडे कोणा एका नमुन्याचे नव्हेत, समजुतीसाठी धरलेले आहेत, परंतु त्यांचे परस्परप्रमाण वास्तवाला धरून आहे. पंचवीस अंशांच्या खोलीत नव्वद वॉटचा प्रोसेसर चालू आहे. पहिल्या लॅपटॉपात थर्मल पेस्ट आणि दोन नळ्या आहेत. पेस्टचा थर मिलिमीटरचा विसावा भाग जाड आणि उष्णता निघणारे क्षेत्र एक चौरस सेंटिमीटर धरले तर लेपात नऊ अंश खर्च होतात. तळपट्टीत पसरून नळीत शिरण्यास बारा, नळीच्या प्रवासात चार, आणि पात्यांतून हवेत जाण्यास, हवा तापण्यासह, चाळीस. खोलीचे पंचवीस धरून बेरीज नव्वद अंश.

दुसऱ्या लॅपटॉपात लिक्विड मेटल आणि व्हेपर चेंबर आहे, पाती आणि पंखे मात्र पहिल्यासारखेच. लेपाचे नऊ अंश दोनावर आले, पसरण्याचे बारा सातावर, प्रवासाचे चार तीनावर; हवेचे चाळीस तसेच राहिले. बेरीज सत्त्याहत्तर अंश. तेरा अंशांची ही बचत खरी आहे आणि ती क्षुल्लक म्हणता येणार नाही. आता तिसरा लॅपटॉप पाहा: साधा पेस्ट, साध्या दोन नळ्या, पण पात्यांचे क्षेत्र दीडपट आणि त्यांच्यातून हवा नेणारे पंखे त्या मानाने मोठे, त्यामुळे हवेचा खर्च चाळीसवरून सत्तावीसवर आला. बेरीज पुन्हा सत्त्याहत्तर अंश. ज्याच्या माहितीपत्रकात सांगण्यासारखे एकही भारदस्त नाव नाही, असा हा जाडजूड लॅपटॉप दुसऱ्याच्या बरोबरीस येऊन बसला. सर्वांत मोठी रक्कम शेवटच्या टप्प्यावर, पाती आणि हवा यांच्यामध्ये, खर्ची पडत असते, आणि त्या टप्प्यावर व्हेपर चेंबरचा अंमल अल्प, लिक्विड मेटलचा तर मुळीच चालत नाही. नव्वद वॉट उष्णता न्यायची आणि हवा वीस अंशांहून अधिक तापू द्यायची नाही म्हटले, तर पंख्याने दर सेकंदाला सुमारे चार लिटर हवा ढकललीच पाहिजे. त्यातून सुटका करून देणारी वस्तू अद्याप निघालेली नाही.

आणखी एक गोष्ट या हिशेबातून निघते. दुसऱ्या लॅपटॉपाने मिळवलेले तेरा अंश कारखानदार कशासाठी वापरील हे त्याच्या मर्जीवर असते. तापमान पुन्हा नव्वदवर जाऊ देऊन तो प्रोसेसरला एकशे बारा वॉट देऊ शकतो. वॉट सव्वापट झाले तरी वेग मात्र त्या मानाने फारच थोडा वाढतो, कारण वरच्या टोकाला प्रत्येक पुढचा वेग अधिकाधिक महाग पडतो. किंवा तो पंखे मंद करून आवाज कमी करील; किंवा पाती लहान करून लॅपटॉप पातळ करील. तिसरा पर्याय पुष्कळदा निवडला जातो, आणि तेव्हा व्हेपर चेंबर असलेला सडपातळ नमुना नळ्यांच्या जाड नमुन्याइतकाच तापतो व तितकाच आवाज करतो. ज्याला लॅपटॉप रोज खांद्यावरून न्यायचा आहे त्याला हा सौदा पटण्यासारखा आहे. पण आपण पैसे थंडाव्यासाठी मोजले नसून पातळपणासाठी मोजले, हे त्याला ठाऊक असावे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा प्रश्न येथे आपोआप पुढे येतो. बहुतेक परीक्षणे बावीस ते पंचवीस अंशांच्या खोलीत घेतलेली असतात. मे महिन्यात नागपूर वा अकोल्यातल्या, नुसता छताचा पंखा असलेल्या खोलीत पारा त्रेचाळीसवर असतो, आणि वाढलेले अठरा अंश बेरजेत जसेच्या तसे मिळवावे लागतात. पहिल्या लॅपटॉपची बेरीज एकशे आठ होते. म्हणजे शंभरावर प्रोसेसर अडतो आणि नव्वद वॉटऐवजी एकोणऐंशीवर समाधान मानतो. दुसरा आणि तिसरा पंच्याण्णव अंशांवर पूर्ण नव्वद वॉट घेत राहतात. पुण्याच्या वातानुकूलित कचेरीत ज्या दोन नमुन्यांत काही भेद जाणवत नाही, त्यांच्यात विदर्भाच्या दुपारी असा भेद पडतो. एरवी माहितीपत्रकातल्या शीतनाच्या मजकुराकडे मी दुर्लक्षच करावे म्हणेन, पण उष्ण प्रदेशातल्या ग्राहकाने परीक्षणातले तापमान पाहताना खोलीचे तापमान नोंदलेले आहे की नाही हे आधी शोधावे आणि आपल्या खोलीचा फरक त्यात मिळवावा.

तुलना करताना खरा आकडा कोणता, तर दोन्ही चिप्स एकाच वेळी अर्धा तास पूर्ण भाराने चालवल्यानंतर प्रत्येकीला टिकून मिळणारे वॉट, त्या वेळचे तापमान आणि पंख्याचा आवाज. या तिन्हींपैकी एक सुटला तर उरलेले दोन फसवे ठरतात. पहिल्या मिनिटाचा वेग पाहण्यात अर्थ नसतो, कारण तांबे आणि पाती तापेपर्यंत कोणताही लॅपटॉप शूर असतो. चिपच्या नावावरही जाऊ नये: एनव्हिडियाची आरटीएक्स ४०७० ही लॅपटॉपची ग्राफिक्स चिप कारखानदाराच्या मर्जीप्रमाणे पस्तीस वॉटपासून एकशे पंधरा वॉटपर्यंत बसवता येते, आणि ही दोन टोके एकाच नावाखाली शेजारी शेजारी मांडून विकली जातात. पस्तीस वॉटच्या चिपवर व्हेपर चेंबर असल्याचा अभिमान बाळगण्यापेक्षा साध्या नळ्यांवर टिकणारे शंभर वॉट केव्हाही अधिक मोलाचे.

घरी आणलेल्या लॅपटॉपची पाहणीही अवघड नाही. Cinebench अर्धा तास फिरू द्यावे आणि शेजारी HWiNFO64 उघडून `CPU Package Power` हा आकडा किती उतरतो आणि `Core Thermal Throttling` समोर `Yes` उमटते का, ते पाहावे. त्याच पडद्यावर प्रत्येक कोरचे तापमान निरनिराळे दिसते, आणि तेथेच लेपाची प्रकृती कळते. सारख्याच भाराखालच्या सारख्याच कोरांत पाच-सात अंशांचा फरक स्वाभाविक. परंतु एखाद-दुसरा कोर इतरांच्या वर पंधरा-वीस अंश राहू लागला, तर लेप त्या कोपऱ्यातून सरकला आहे किंवा तांबे एका बाजूने उचलले गेले आहे, असा त्याचा अर्थ होतो. लिक्विड मेटलच्या लॅपटॉपात ही खूण विशेष ध्यानात ठेवावी, कारण तेथे सरकलेला धातू नुसता जागा सोडत नाही, तो दुसरीकडे कोठे तरी गेलेला असतो. असा लॅपटॉप गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात उघडू देऊ नये. अधिकृत केंद्रात देतानाही, उघडल्यानंतर पुन्हा लिक्विड मेटलच भरणार की साधा पेस्ट लावणार हे आधी विचारून पावतीवर लिहून घ्यावे. धातूसाठी आखलेल्या फटीत पेस्ट भरला तर लॅपटॉप चालू होतो, दिवस-दोन दिवस ठीकही वाटतो, आणि पहिल्या लांब कामाला चिप पूर्वीपेक्षा दहा अंश वर जाऊन थांबते. म्हणून नवेपणीच्या अर्ध्या तासाच्या चाचणीचे आकडे, खोलीच्या तापमानासह, बिलाच्या पाठीवर टिपून ठेवावेत. पुढे तक्रार करण्याचा प्रसंग आला तर हमीच्या मुदतीत दाखवता येईल असा तुमच्याजवळचा पुरावा तोच.